पावसाचे स्तंभ आणि पाण्याची रेषा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात धाकट्या भावाबरोबर मी बँकेत गेले होते. सेलूला त्याचे कृषी सेवा केंद्र आहे. बियाणे, खते आणि फवारणीची औषधे हा त्याचा धंदा. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी होती आणि त्यासाठी सरलेल्या वर्षाची महिनावार विक्री दाखवायची होती. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले असल्यामुळे असले कागद तयार करण्याचे काम घरात माझ्याकडेच येते. ताळेबंदाबरोबर मी एक आलेखही जोडला होता. आडव्या अक्षावर एप्रिल ते मार्च असे बारा महिने, उभ्या अक्षावर लाखांत विक्री आणि बारा बिंदूंना जोडणारी एक निळी रेषा, असा तो साधा रेषालेख होता.

अधिकाऱ्यांनी कागद समोर धरला, पेनाचे टोक जूनच्या शिखरावर ठेवले आणि उतारावरून हळूहळू मार्चपर्यंत नेले. मग म्हणाले, "मॅडम, जूननंतर धंदा उतरतच गेलेला दिसतोय. शेवटी तर पार तळाला टेकलाय."

त्यांची समजूत चुकीची होती, पण वाचन चुकीचे नव्हते. रेषा जे सांगत होती तेच त्यांनी वाचले. भावाने खरीप-रब्बीचे गणित तोंडी समजावले, त्यांनी मानही डोलावली, तरी ते पेन पुन्हा पुन्हा त्या उतारावरच जात होते. मर्यादेचा निर्णय त्या दिवशी पुढे ढकलला गेला. परतीच्या वाटेवर मला एवढे कळले होते की दोष आकड्यांत नसून मी निवडलेल्या आकारात होता, आणि ज्या गोष्टीची इयत्तागणिक व्याख्या पाठ करून घेतली ती मी स्वतः नीट विचारात घेतली नव्हती.

आकडे असे होते. एप्रिलमध्ये विक्री 2 लाख आणि मे महिन्यात 5 लाख. जूनमध्ये एकदम 31, जुलैत 22, ऑगस्टमध्ये 14 आणि सप्टेंबरमध्ये 8. मग रब्बीच्या हरभऱ्या-ज्वारीसाठी ऑक्टोबरात 12 आणि नोव्हेंबरात 17. त्यानंतर डिसेंबरात 9, जानेवारीत 4, फेब्रुवारीत 3 आणि मार्चमध्ये पुन्हा 2. वर्षाची बेरीज 129 लाख, म्हणजे एक कोटी एकोणतीस लाख. मराठवाड्यातल्या कोणत्याही कृषी केंद्राचे वर्ष कमीअधिक फरकाने असेच दिसते, आणि असे आकडे पाहून दुकानदाराला घाम फुटत नाही. मार्चचे 2 लाख ही घसरण नव्हे. मार्चमध्ये शेतात पेरायचे काही नसते, एवढाच त्याचा अर्थ.

रेषेत असे काय असते की ती पाहणाऱ्याला घसरण वाटायला लावते? जेफ झॅक्स आणि बार्बरा ट्वेर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेला या विषयावरचा अभ्यास मला फार बोलका वाटतो. त्यांनी लोकांना तीच माहिती कधी स्तंभांत, तर कधी रेषेत दाखवली आणि दिसते ते शब्दांत लिहायला सांगितले. स्तंभ पाहणाऱ्यांनी 'हा त्याच्यापेक्षा जास्त' अशी तुलना लिहिली, तर रेषा पाहणाऱ्यांनी 'वाढत जाते', 'कमी होत जाते' असा कल लिहिला. स्त्रिया आणि पुरुष यांच्या सरासरी उंचीचे दोन बिंदू रेषेने जोडून दाखवले, तेव्हा माणूस जितका अधिक पुरुष तितका अधिक उंच, अशा अर्थाचे वर्णनही कोणी केले. दोन अलग गटांमध्ये चढण असूच शकत नाही; पण रेषा ओढली की डोळा ती चढण चढतोच. बँकेतल्या अधिकाऱ्यांचे पेन ज्या उतारावरून गेले तो उतारही असाच मी तयार केलेला होता.

महिने स्त्री-पुरुषांसारखे अलग नसतात, ते एकामागून एक येतात, म्हणून काळ दाखवायचा तर रेषाच घ्यावी, असे आम्ही शाळेत सांगत आलो. हा नियम अर्धाच खरा आहे. अक्षावर काळ आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. मोजलेली गोष्ट कोणत्या जातीची आहे तेही पाहावे लागते, आणि ते समजायला आपल्याकडे पाऊस आणि धरण यांच्याइतके चांगले उदाहरण नाही.

तालुक्याच्या पर्जन्यमापकात रोज सकाळी साडेआठला आधीच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतात. समजा 40 मिलिमीटर आला. हा आकडा कोणत्याही एका क्षणाचा नाही. तो चोवीस तासांत साचलेल्या पावसाचा आहे. जायकवाडीच्या नाथसागराची पातळी मात्र फुटांत सांगतात, आणि ती एका विशिष्ट वेळेची असते. काल सकाळी पातळी अमुक होती आणि आज अमुक आहे, तर काल रात्री दोन वाजता, कोणी मोजली नसली तरी, पातळी काहीतरी होतीच. म्हणून पातळीच्या दोन बिंदूंमध्ये रेषा ओढली तर त्या रेषेच्या प्रत्येक ठिकाणी सांगण्यासारखे काहीतरी असते. दोन दिवसांच्या पावसाच्या आकड्यांमध्ये रेषा ओढली तर तिच्या मधल्या बिंदूला काही अर्थच उरत नाही. जलशास्त्राचे अभ्यासक पावसाला स्तंभ आणि पाण्याच्या पातळीला रेषा देतात, ते यामुळेच.

महिन्याची विक्री हा पाऊस आहे. जूनचे 31 लाख म्हणजे तीस दिवसांत गल्ल्यात आणि उधारीच्या वहीत मिळून साचलेला आकडा. मे आणि जून यांच्या बिंदूंमध्ये रेषेचा जो तुकडा आहे, त्याच्या अगदी मध्यावर 18 लाख हा आकडा येतो. तो कोणत्या दिवसाचा, कोणत्या काळाचा? कोणाचाच नाही.

हे नुसते तर्काचे नाही, दुकानात उभे राहिले की दिसते. मृग नक्षत्र 7-8 जूनला निघते, पण नक्षत्र निघाले म्हणून बियाणे विकले जात नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला आपल्याकडे दर वर्षी दिला जातो, आणि दुबार पेरणीचा फटका खाल्लेला शेतकरी तो मनावर घेतो. त्या वर्षी 1 ते 9 जून या नऊ दिवसांत भावाची विक्री दीड लाखाच्या आसपास होती. माणसे येत, सोयाबीनच्या वाणांची चौकशी करत, भाव विचारत, आभाळाकडे पाहत आणि निघून जात. मग दोन रात्री जोरदार पाऊस झाला. बाराव्या तारखेला सकाळी मी दुकानात होते. सहा वाजता शटर उघडले तेव्हा पायरीवर बारा-पंधरा जण चिखलाच्या पायांनी उभे होते. एक जण सोयाबीनच्या पिशव्यांवरचा लॉट नंबर वाचून दाखवत होता, भाऊ पावतीपुस्तकात तो उतरवून घेत होता, आणि खताच्या ई-पॉस मशीनवर ओल्या अंगठ्याचा ठसा उमटेना म्हणून एक म्हातारे बाबा अंगठा पुन्हा पुन्हा धोतराला पुसत होते. त्या दिवसापासून दहा दिवसांत 19 लाखांची विक्री झाली.

मी भावाला निळी रेषा दाखवून विचारले की ही चढण तुला खरी वाटते का. तो म्हणाला, "अक्का, मे महिन्यात कुठं चढण असती? पाऊस पडल्याबिगर बियाणं कोण नेतंय? मे म्हणजे नुसता माल भरायचा अन् वाट बगायची."

हे वाक्य बँकेच्या दृष्टीनेही महत्त्वाचे होते. जूनचा माल मे महिन्यातच भरावा लागतो. पैसा तेव्हा लागतो, विक्री नंतर होते. रेषालेखात मे महिन्यापासूनच विक्री चढू लागल्याचे दिसते, त्यामुळे मे महिन्यातले पैसे मे महिन्याच्याच विक्रीतून थोडेफार सुटत असतील असा समज होतो. स्तंभात 5 लाखांचा बुटका मे आणि त्याच्या शेजारी 31 लाखांचा जून असे दोघे उभे राहतात, आणि मधली भिंत दिसते. कर्जाची मर्यादा हवी होती ती नेमकी त्या भिंतीसाठी.

म्हणून मी कागद पुन्हा केला. बारा स्तंभ काढले, सगळ्यांचा रंग एकच ठेवला आणि फक्त जून-जुलै व ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चार गडद केले. अक्ष शून्यापासून सुरू केला, कारण स्तंभात डोळा लांबी मोजतो आणि लांबी तळापासूनच मोजायची असते. 5 लाखांपासून अक्ष सुरू केला असता तर मे महिना पूर्ण नाहीसा झाला असता आणि रब्बीच्या तुलनेत जून आहे त्यापेक्षा उंच भासला असता. महिने एप्रिल ते मार्च याच क्रमाने ठेवले. स्तंभ उंचीनुसार लावण्याचा मोह काहींना होतो, पण तसे केले की ऋतूच मोडून जातो.

या कागदावर एक गोष्ट अशी दिसली, जी रेषेत दिसत असूनही कोणी पाहिली नव्हती. वर्षाला दोन चढ आहेत, एक मोठा आणि एक मध्यम, आणि सप्टेंबर ही त्यांच्यामधली खोलगट जागा आहे. शिवाय स्तंभांची मनातल्या मनात बेरीज करता येते. जून आणि जुलै एकावर एक ठेवले की 53 लाख होतात, म्हणजे वर्षाच्या 129 लाखांपैकी सुमारे 41 टक्के. रेषेवरचे दोन बिंदू असे एकावर एक ठेवता येत नाहीत. पुढच्या भेटीत अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो असा: "मे महिन्यात तुम्हाला किती माल भरावा लागतो?" घसरणीचा विषय निघालाच नाही.

(स्तंभालेखाच्या जन्माची कथा या संदर्भात मला नेहमी आठवते. विल्यम प्लेफेअर याने 1786 मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे रेषालेख प्रसिद्ध केले. त्यांत वर्षानुवर्षांचा काळ होता. स्कॉटलंडची मात्र त्याला एकाच वर्षाची आयात-निर्यात मिळाली. काळ नव्हताच, म्हणून त्याने देशादेशाचे स्तंभ काढले, आणि काळ नसल्यामुळे या आलेखाला तो कमी प्रतीचा समजत होता. ज्याला त्याने नाइलाज मानले, ते महिन्याच्या विक्रीसारख्या साचलेल्या आकड्यांना इतके चपखल बसेल, हे त्याच्या ध्यानात आले नसावे.)

एका मोहाबद्दल सांगायलाच हवे. रेषालेखाच्या सेटिंगमध्ये रेषा गुळगुळीत करण्याची सोय असते आणि तिने आलेख देखणा होतो. पहिला कागद करताना मी ती वापरून पाहिली होती. जूनचे टोक इतके उंच आहे की तिथे पोहोचण्यासाठी वळण घेताना वक्ररेषा एप्रिल आणि मे यांच्या मध्ये दोन्ही महिन्यांपेक्षा खाली झुकली. म्हणजे जिथे काही घडलेच नाही तिथे एक घट तयार झाली. महिनावार विक्रीला ही सोय कधीही वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ विक्रीला रेषा वर्ज्य आहे असा मात्र नाही. नांदेडला माझ्या भाचीचे औषधाचे दुकान आहे. तिची विक्री वर्षभर साडेसात ते नऊ लाखांच्या दरम्यान फिरते. शून्यापासून काढलेले तिचे बारा स्तंभ शाळेतल्या रांगेत उभ्या मुलांसारखे जवळपास सारख्याच उंचीचे दिसतात आणि त्यांतून काहीच कळत नाही. तिला जाणून घ्यायचे आहे ते असे की गिऱ्हाईक हळूहळू वाढते आहे का. हा प्रश्नच कलाचा आहे. इथे रेषा योग्य ठरते, आणि रेषेत डोळा बिंदूची जागा व उतार पाहत असल्यामुळे अक्ष 7 लाखांपासून सुरू केला तरी चालतो, फक्त तो आकडा ठळक लिहावा.

तिच्या रेषेत फेब्रुवारीत एक खड्डा पडत होता. जानेवारीत 8.2 लाख आणि फेब्रुवारीत 7.6. ती काळजीत पडली होती. मी दोन्ही आकड्यांना दिवसांनी भागून दाखवले: जानेवारीचे 31 दिवस धरता रोजचे सुमारे 26,450 रुपये, आणि फेब्रुवारीच्या 28 दिवसांत रोजचे सुमारे 27,140. धंदा वाढला होता. महिना लहान होता. तेव्हापासून ती महिन्याच्या बेरजेऐवजी रोजच्या सरासरीची रेषा काढते. सरासरी हा एक वेग आहे, आणि एका महिन्याच्या वेगातून दुसऱ्या महिन्याच्या वेगात जाताना मध्ये काहीतरी वेग असतो, म्हणून तिथली रेषा बरीचशी प्रामाणिक असते. भावाच्या दुकानात मात्र ही युक्ती कामाची नाही, कारण एकट्या जूनमध्येच वेग एका रात्रीत कित्येक पटींनी बदलतो.

खरी अडचण आली ती दोन वर्षांची तुलना करताना. आदल्या वर्षी पाऊस उशिरा आला होता. त्या वर्षी एप्रिल 3, मे 4, जून फक्त 12 आणि जुलै 34 लाख अशी विक्री होती. जोडस्तंभालेख काढला तर चोवीस स्तंभांची गर्दी झाली. जून आणि जुलैच्या जोड्या उलटसुलट उभ्या राहिल्या आणि पाहणाऱ्याला आदल्या वर्षी जूनमध्ये धंदा बुडाला असे वाटले. दोन रेषा काढल्या तर त्या एकमेकींना कात्रीसारख्या छेदून गेल्या, आणि गोंधळ वाढला. विक्री बुडाली नव्हती, तीन आठवडे पुढे सरकली होती. हे कोणत्याच आलेखात दिसेना.

इथे धरणाच्या पातळीने वाट दाखवली. रोजचा पाऊस स्तंभाचा, पण 1 जूनपासून आजवर एकूण किती पाऊस झाला हा आकडा पातळीसारखा वागतो. त्याला कोणत्याही दिवशी काहीतरी किंमत असते आणि तो कधी खाली येत नाही. विक्रीचेही तसेच करता येते. एप्रिलपासूनची चढती बेरीज काढायची. विक्री B या रकान्यात दुसऱ्या ओळीपासून असेल, तर शेजारच्या रकान्यात पुढचे सूत्र लिहून खाली ओढायचे:

```
=SUM(B$2:B2)
```

सरलेल्या वर्षाची चढती बेरीज 2, 7, 38, 60 अशी जाते आणि आदल्या वर्षाची 3, 7, 19, 53 अशी. दोन रेषा मे महिन्याच्या अखेरीस एकाच बिंदूवर आहेत. जूनअखेर त्यांच्यात 19 लाखांचे अंतर पडते आणि जुलैअखेर ते 7 लाखांवर येते. म्हणजे उशिरा आलेल्या पावसाने जी विक्री अडकवून ठेवली होती, तिच्यातली 12 लाखांची तूट जुलैत भरून निघाली आणि 7 लाखांची राहिली. ते 7 लाख कुठे गेले हा प्रश्न मग नेमकेपणाने विचारता आला. भावाने बिलबुके चाळून सांगितले की कापसाच्या बियाण्याची पाकिटे पडून राहिली, कारण उशीर झाल्यावर लोक कापसाऐवजी सोयाबीन-तुरीकडे वळले. तीच चोवीस संख्या, पण स्तंभांत किंवा साध्या रेषांत हा प्रश्न सुचलाच नसता.

उधारीचेही तेच. महिनाअखेरची येणे बाकी ही शिल्लक आहे, पातळी आहे, म्हणून तिला रेषाच हवी. भावाची बाकी मेअखेर 5 लाख होती. जूनपासून चढत सप्टेंबरअखेर 30 लाखांवर गेली. सोयाबीन मोंढ्यात गेल्यावर उतरू लागली आणि मार्चअखेर 6 लाखांवर आली. विक्रीच्या स्तंभांवरून ही रेषा त्याच अक्षावर, त्याच लाखांत काढली, तेव्हा एका कागदावर साऱ्या वर्षाचा व्यवहार उलगडला: जूनमध्ये स्तंभ सर्वांत उंच, पण रेषा सर्वांत उंच सप्टेंबरमध्ये. विकलेल्या मालाचा पैसा कुठे आणि किती काळ अडकतो ते त्या दोन शिखरांमधल्या तीन महिन्यांत दिसत होते. उजवीकडे दुसरा अक्ष काढण्याचे मी टाळले. दोन अक्ष घेतले की रेषा हवी तेवढी उंच-खाली सरकवता येते, आणि मग स्तंभ व रेषा कुठे छेदतात याला अर्थ राहत नाही.

हा कागद आता दुकानात गल्ल्याच्या मागे चिकटवला आहे. यंदा भाऊ महिना संपला की स्वतःच पट्टी घेऊन स्तंभ काढतो. जूनच्या पंधरा तारखेला मी गेले तेव्हा त्याने चालू महिन्याचा स्तंभ 9 लाखांपर्यंत पेन्सिलने, तिरप्या रेघांनी भरलेला होता आणि वर कड बंद केली नव्हती. का, म्हणून विचारले, तर म्हणाला, "अर्धाच महिना झालाय, अक्का. बंद केलं तर जून इतकाच हाय असं वाटंल." रेषा असती तर तिचे टोक त्या दिवशी 9 लाखांवर थांबले असते आणि गेल्या जूनच्या 31 लाखांपुढे ती घसरण दिसली असती. बाहेर आभाळ भरून आले होते, आणि पायरीवर दोघे जण वाणांची चौकशी करत उभे होते.